पांढरा रंग कुठे ठेवायचा?

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या मराठी मंडळाचा एक छोटासा निधी आहे. गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून ते आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात पाण्याच्या कामाला पाठवतो. माझा मामेभाऊ तिथेच शेती करतो, त्यामुळे माहिती गोळा करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. एका कोरड्या ऑगस्टच्या शेवटी त्याने मला तालुक्यातल्या सहा महसूल मंडळांचे पावसाचे आकडे पाठवले. (ही मंडळं वेगळी, आमचं गणपतीचं मंडळ वेगळं. घोटाळा नको म्हणून पुढे मी महसूल मंडळाला तिकडच्या बोलीप्रमाणे ‘सर्कल’च म्हणते.) बैठकीत आकड्यांचा तक्ता दाखवला की लोक चहाकडे बघायला लागतात, म्हणून मी त्याचा हीटमॅप केला. सहा चौकोन, नकाशावरच्या जागेप्रमाणे मांडलेले, आणि प्रत्येक चौकोनाला पावसाप्रमाणे रंग. कमी पाऊस तपकिरी, जास्त पाऊस निळा आणि मधे पांढरा.

चित्र सुरेख दिसत होतं. तीन चौकोन तपकिरी, तीन निळे. बैठकीत कुणीतरी लगेच म्हणालं, “मग या तीन निळ्यांना यंदा गरज दिसत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही डोलावली. मग ते चित्र मी भावाला पाठवलं. त्याचं गाव निळ्या चौकोनात होतं. त्याचा फोन आला.

“ताई, आमचा ओढा कोरडा पडलाय, आणि तू आम्हाला निळं रंगवलंस?”

त्याचं म्हणणं खरं होतं. मी आकडे पुन्हा काढले. इथे सांगताना हिशेब सोपा व्हावा म्हणून ते जरा बदलून गोल केले आहेत, पण गोष्ट तीच आहे. नेहमीच्या पावसाच्या तुलनेत सहा सर्कलमधली तूट अशी होती: ६२, ५५, ४८, ४२, ३५ आणि २८ टक्के. म्हणजे एकाही ठिकाणी नेहमीइतका पाऊस झाला नव्हता. भारतीय हवामान विभाग उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांच्या आतल्या पावसाला ‘सरासरीइतका’ म्हणतो, २० ते ५९ टक्के कमी असेल तर ‘तुटीचा’ आणि ६० च्या पुढे ‘मोठ्या तुटीचा’. या मापाने आमची पाच सर्कल तुटीत होती आणि एक मोठ्या तुटीत. निळा रंग घ्यायचा हक्क एकालाही नव्हता.

मग निळा आला कुठून? मी आकडे दिले आणि दुरंगी पट्टी निवडली, पण पट्टीचा पांढरा भाग कोणत्या आकड्यावर बसवायचा हे सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर तो निर्णय प्रोग्रॅम घेतो. मी वापरत असलेलं मॅटप्लॉटलिब सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा घेतं आणि पांढरा त्यांच्या बरोबर मधे ठेवतं. उणे ६२ आणि उणे २८ यांच्या मधोमध येतं उणे ४५. झालं, ४५ टक्के तूट हा आमचा ‘नेहमीचा पाऊस’ ठरला आणि २८ टक्के तूट असलेलं भावाचं गाव गडद निळं झालं.

पुष्कळ जण म्हणतील, मग सरासरीवर ठेवायचा पांढरा. या सहा आकड्यांची बेरीज उणे २७० आणि सरासरी उणे ४५! एक्सेलमध्ये केलं असतं तर? तिथली तीन रंगांची तयार पट्टी मधला रंग मध्यकावर ठेवते, म्हणजे निम्मे आकडे ज्याच्या खाली आणि निम्मे वर असतात त्यावर. आमचा मध्यक उणे ४८ आणि उणे ४२ यांच्या मधला, तोही उणे ४५. आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असल्यामुळे तिन्ही वाटा एकाच विहिरीत गेल्या. एरवी त्या थोड्या वेगवेगळ्या जागी नेतात, पण खोड एकच आहे. तिघीही पांढरा शोधायला समोरच्या आकड्यांच्या आतच बघतात. आकड्यांच्या आतून काढलेल्या मध्यबिंदूच्या एका बाजूला काही आकडे आणि दुसऱ्या बाजूला काही आकडे पडणारच. सगळं बुडालं तरी अर्धं निळं दिसणार, आणि सगळं उत्तम चाललं तरी अर्धं तपकिरी.

माझं मत सांगते, आणि ते जरा हट्टी आहे. दुरंगी पट्टीचा पांढरा रंग हे एक विधान आहे. ‘इथे काही बदललं नाही’ किंवा ‘इथे नेहमीसारखं आहे’ असं तो म्हणतो, आणि त्याच्या दोन बाजूंना रंगांची नावंच बदलतात. त्यामुळे पांढऱ्याची जागा चित्राबाहेरून यायला हवी, त्या विषयात ज्या आकड्याला खरोखर अर्थ आहे तिथून. नफा-तोट्यात शून्य, तापमानाच्या फरकात शून्य, पावसाच्या तुटीत शून्य. असा आकडा सापडत नसेल तर दुरंगी पट्टी वापरूच नये.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. तो जीवशास्त्राच्या विदेवर काम करतो आणि रोज सरासरीवर पांढरा ठेवतो. त्याच्या हीटमॅपमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक जनुक आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक नमुना. एखादं जनुक मुळातच खूप सक्रिय असतं, दुसरं अगदी मंद. दोघांचे मूळ आकडे एकाच पट्टीवर रंगवले तर पहिलं सगळीकडे गडद आणि दुसरं सगळीकडे फिकट दिसेल, आणि त्यातून काहीच कळणार नाही. म्हणून तो प्रत्येक ओळीतून तिची सरासरी वजा करतो. मग चित्र सांगतं की हे जनुक कोणत्या नमुन्यात इतर नमुन्यांपेक्षा जास्त चालतंय. त्याचा प्रश्नच ‘इतरांपेक्षा’ असा आहे, तेव्हा सरासरी हेच त्याचं योग्य शून्य. मला हे पटलं. पण त्यालाही हे मान्य आहे की त्याचे सगळेच नमुने आजारी पेशींचे असतील, तर आजारात ते जनुक वाढलं की घटलं हे या चित्रातून कधीच कळणार नाही. ते उत्तर सरासरी वजा करतानाच गेलं.

आमच्या बैठकीचा प्रश्न कोणता होता? खरं तर दोन प्रश्न होते आणि ते आम्ही एकाच चित्राला विचारत होतो. पहिला: यंदा या तालुक्यात पाणी कमी आहे का, आणि किती? दुसरा: पैसे थोडे असतील तर आधी कुठे द्यायचे? पहिल्याला शून्य लागतं. दुसऱ्याला नुसता क्रम पुरतो, आणि क्रमासाठी दोन रंगांची गरजच नाही. सगळे आकडे शून्याच्या एकाच बाजूला असतील तर पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत जाणारी साधी एकरंगी पट्टी घ्यावी आणि तिचा पांढरा शून्य तुटीवर ठेवावा. २८ टक्क्यांचा चौकोन फिकट तपकिरी, ६२ चा गडद. क्रमही दिसतो आणि निळ्याची थापही लागत नाही.

सहकाऱ्याचा दुसरा आक्षेप मला अधिक बोचला. शून्यावर ठेवलं की सगळं एकाच रंगाचं होतं, बारकावे दिसत नाहीत, मग हीटमॅप कशाला? माझं उत्तर असं की सगळं तपकिरी असेल तर ते तपकिरी दिसणं हीच बातमी आहे. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशभरात मिळून नेहमीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला, १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वात कोरडा ऑगस्ट. त्या महिन्याचा नकाशा त्या महिन्याच्याच सरासरीवर बेतला असता तर २० टक्के तूट असलेला भाग निळा दिसला असता. बारकावे दिसले असते, दुष्काळ दिसला नसता.

आता शून्य ठेवायचं ठरलं तरी काम संपत नाही, कारण शून्य ठेवण्याच्याही दोन रीती आहेत आणि त्यातली एक फसवी आहे. समजा आमच्या सहा सर्कलच्या शेजारच्या तालुक्यातलं एक सर्कल घेतलं, जिथे नेहमीपेक्षा ५ टक्के जास्त पाऊस झाला. आता आकडे उणे ६२ पासून अधिक ५ पर्यंत. मॅटप्लॉटलिबमध्ये `TwoSlopeNorm` नावाची सोय आहे. तिला `vcenter=0` सांगितलं की पांढरा शून्यावर येतो खरा, पण टोकं तशीच आकड्यांवर सोडली तर ती दोन्ही बाजू स्वतंत्रपणे ताणते. उणे ६२ ला सर्वात गडद तपकिरी आणि अधिक ५ ला सर्वात गडद निळा! हवामान विभागाच्या लेखी ५ टक्के म्हणजे सरासरीइतकाच पाऊस, आणि चित्रात जणू पूर आलाय. मध्यबिंदू बरोबर, तरी चित्र खोटं. दोन्ही बाजूंना एक टक्का म्हणजे तेवढाच रंग, असं असायला हवं. त्यासाठी मी आता हे वापरते:

```python
from matplotlib.colors import CenteredNorm
norm = CenteredNorm(vcenter=0, halfrange=100)
plt.imshow(tut, cmap="BrBG", norm=norm)
plt.colorbar()
```

इथे शून्याच्या दोन्ही बाजूंना १०० पर्यंत पट्टी समान पसरते, आणि अधिक ५ पांढऱ्याजवळच राहतो. सीबॉर्नचा `center=0` सुद्धा उतार दोन्हीकडे समान ठेवतो, त्यामुळे तिथे ही चूक होत नाही. नावं सारखी, वागणं वेगळं, म्हणून एकदा पट्टीकडे डोळे उघडे ठेवून बघावं.

पण १०० वर का थांबायचं? टक्केवारीतल्या तुटीला तळ आहे, छप्पर नाही. पावसाची तूट १०० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, पण नेहमी ५ मिलिमीटर पडणाऱ्या महिन्यात एकच अवकाळी सर २० मिलिमीटर पडली की ती ३०० टक्के अधिक होते. पट्टी ३०० पर्यंत समान पसरली तर १०० टक्के तूट, म्हणजे थेंबही न पडणं, एका फिकट तपकिरीत बसतं. गणित आवडणारे इथे गुणोत्तराचा लॉग घ्यायला सांगतात. निम्मा पाऊस आणि दुप्पट पाऊस मग शून्यापासून सारख्याच अंतरावर येतात, ते दिसायलाही नीटनेटकं. मला मात्र ते इथे नको वाटतं. एक तर शून्य पावसाचा लॉग काढता येत नाही, आणि दुसरं, निम्मा पाऊस आणि दुप्पट पाऊस यांची शेतात कधीच फिटंफाट होत नाही. मी १०० वर कापते आणि पट्टीच्या टोकाला ‘१०० किंवा जास्त’ असं लिहिते.

एवढं झाल्यावर मी सुधारलेलं चित्र भावाला पाठवलं. तो म्हणाला, “आता रंग बरोबर वाटतोय. पण ताई, हा ‘नेहमीचा पाऊस’ कुठल्या वर्षांचा धरलास?”

बारावीनंतर शेतीत उतरलेल्या माणसाने थेट वर्मावर बोट ठेवलं. कारण तुटीतलं शून्य हेही कुणाची तरी सरासरीच आहे. ‘शून्य की सरासरी’ हा वाद इथे जरा विरघळतो. फरक इतकाच की ही सरासरी समोरच्या सहा आकड्यांची नसते, आधीच ठरवून जाहीर केलेल्या काळाची असते. हवामान विभाग सध्या १९७१ ते २०२० ही ५० वर्षं धरतो, आणि त्याप्रमाणे जून ते सप्टेंबरचा देशाचा पाऊस ८७ सेंटिमीटर येतो. त्याआधी १९६१ ते २०१० धरत, तेव्हा तो ८८ होता. एका सेंटिमीटरने रंग फारसा बदलत नाही, म्हणून पावसात हे चटकन लक्षात येत नाही.

तापमानात मात्र येतं. नासा पृथ्वीच्या तापमानाचा फरक १९५१ ते १९८० च्या सरासरीपासून मोजते, युरोपची कोपर्निकस सेवा सहसा १९९१ ते २०२० पासून. या दोन पायांमध्ये साधारण ०.६ अंश सेल्सिअसचं अंतर आहे. १९९० हे वर्ष घ्या. तेव्हापर्यंतच्या नोंदींतलं ते सर्वात उष्ण वर्ष होतं आणि जुन्या पायावर ते ठसठशीत लाल येतं. नव्या पायावर तेच वर्ष फिकट निळं होतं. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण पहिलं म्हणतं ‘आजोबांच्या काळापेक्षा गरम’ आणि दुसरं म्हणतं ‘आजच्यापेक्षा थंड’. एड हॉकिन्स यांच्या २०१८ च्या प्रसिद्ध तापमान-पट्ट्यांमध्ये निळ्या-लालची सीमा १९७१ ते २००० च्या सरासरीवर होती. त्या पट्ट्यांवर आकडा एकही नाही, ते मुद्दामच. पण सीमा कुठे आहे हे त्यांनी जाहीर केलेलं होतं, आणि माझ्या दृष्टीने तेवढं केलं की चित्र सरळ झालं.

पावसाच्या सरासरीला आणखी एक खोड आहे आणि मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात ती जास्त जाणवते. समजा एका ठिकाणी दहा वर्षांत ऑगस्टचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा पडला: ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९०, १००, ११०, १५० आणि एका वर्षी ३५०. सरासरी येते ११०. दहापैकी सात वर्षं तिच्या खाली, एक बरोबर तिच्यावर आणि फक्त दोन वर. म्हणजे हवामानात काहीच बदललं नसताना दर दहातली सात वर्षं तपकिरी दिसणार, कारण एका अतिवृष्टीने सरासरी वर ओढली. मध्यक धरला तर तो ८५ येतो आणि निम्मी वर्षं इकडे, निम्मी तिकडे. या बाबतीत मी अजून पूर्णपणे ठरवलेलं नाही. विभागाच्या आकड्यांशी जुळतं म्हणून सरासरीच ठेवते, पण पांढरा एका रेषेसारखा न ठेवता उणे १९ ते अधिक १९ पर्यंतचा सगळा पट्टा पांढराच रंगवते. ८९ मिलिमीटर ते १३१ मिलिमीटर, सगळं पांढरं. किरकोळ चढउताराला रंग मिळत नाही आणि सात तपकिरी वर्षांची पाच होऊन तीन पांढरी होतात. सोंगट्या दोनच हलल्या, पण उगाच रंगलेली दोन वर्षं तरी कमी झाली.

दुसऱ्याने केलेला हीटमॅप समोर आला तर मी आता आधी चौकोन बघत नाही, बाजूची पट्टी बघते. पांढऱ्याच्या समोर कोणता आकडा आहे? शून्य असेल, किंवा कशाची सरासरी ते लिहिलेलं असेल, तर पुढे जाते. उणे ४५ किंवा ०.३७ असलं काही असेल, किंवा आकडाच नसेल, तर ती जागा कुणी ठरवलेली नाही असं धरते. आणि विदा हाताशी असेल तर एक सोपी चाचणी आहे: एक आकडा वाढवून बघायचा. आमच्या पहिल्या चित्रात मी ५ टक्के तुटीचं सातवं सर्कल घातलं. प्रोग्रॅमने पांढरा उणे ४५ वरून उणे ३३.५ वर सरकवला, आणि ३५ व ४२ टक्के तुटीचे दोन चौकोन निळ्याचे तपकिरी झाले. त्या दोन गावांत एक थेंबही इकडचा तिकडे झाला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि आधीच्या चित्रात चूक माझी होती हे सांगितलं. सहाही चौकोन तपकिरी बघून खोली जरा वेळ शांत झाली. खजिनदारांनी विचारलं, “म्हणजे सगळ्यांनाच द्यायचे?” पैसे तेवढे नव्हतेच. शेवटी गडद चौकोनांपासून सुरुवात करायचं ठरलं, म्हणजे पहिले तीन तेच, जे आधीच्या चित्रात तपकिरी होते. भावाच्या गावाला त्या वर्षी आमच्याकडून काही गेलं नाही. त्याला फोन केला, तर म्हणाला, “असू दे. तुमच्या यादीत आम्ही नंतर येतो ते ठीक आहे. फक्त आमच्याकडे पाऊस झाला असं म्हणू नका.”